घराच्या दर्शनी भागाला दिव्यांच्या माळा: कडा आणि लूप मिळून किती मीटर?

प्रश्न: सणासाठी आमच्या दुमजली घराच्या पुढच्या बाजूला माळा लावायच्या आहेत. रुंदी 12 मीटर, गच्चीच्या कठड्यापर्यंत उंची 7 मीटर. मध्ये पूर्ण रुंदीचा छज्जा आहे, भिंतीपासून 45 सेंमी बाहेर आलेला. दोन्ही उभ्या कडा आणि वरची आडवी कड उजळायची आहे, शिवाय कठड्याखाली लोंबते लूप हवेत. मी 7 + 12 + 7 = 26 मीटर धरून 10 मीटरच्या तीन माळा घ्यायचं ठरवलंय. लुपांना त्यातलीच उरलेली माळ पुरेल ना?

उत्तर:

नाही पुरणार. तीन माळा नुसत्या कडांनाच संपतील. लुपांना आणखी साधारण साडेचौदा मीटर लागेल, म्हणजे एकूण 42 मीटरच्या आसपास आणि माळा पाच. हा आकडा कसा आला ते नीट सांगतो, कारण लुपांची रुंदी किंवा झोळ थोडाही बदललात तर तो तुम्हाला पुन्हा काढावा लागेल.

आधी माळेच्या लांबीबद्दल. खोक्यावर 10 मीटर लिहिलेलं असतं, पण तेवढी लांबी उजळेलच असं नाही. 100 दिवे 10 सेंमी अंतरावर असतील तर पहिल्या दिव्यापासून शेवटच्या दिव्यापर्यंत अंतर 9.9 मीटर भरतं, कारण 100 दिव्यांमध्ये गाळे 99 असतात. पिनेपासून पहिल्या दिव्यापर्यंतची कोरी वायर काही उत्पादक या लांबीत धरतात, काही वेगळी मोजतात. म्हणून एक माळ उलगडून टेप लावा आणि फक्त दिव्यांचा भाग मोजा. पुढचा सगळा हिशोब मी 100 दिवे आणि 9.9 मीटर धरून केला आहे. तुमच्या माळेत दिव्यांमधलं अंतर वेगळं असेल तर आकडे बदलतील, रीत हीच राहील.

आता कडा. उभ्या कडेचे तुमचे 7 मीटर दोन ठिकाणी बदलतात. खालचा अर्धा मीटर मी कोराच ठेवतो. तिथे पाणी उडतं, झाडू लागतो, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय अडकतो. राहिले 6.5 मीटर. पण मध्ये छज्जा आहे. माळ भिंतीलगत वर चढते, छज्जाच्या खालून 45 सेंमी बाहेर येते, त्याची जाडी चढते आणि वरून 45 सेंमी परत भिंतीकडे जाते. जाडी उंचीतच मोजली गेली आहे, पण बाहेर जाण्यायेण्याचे 90 सेंमी तुमच्या आकड्यात कुठेच नाहीत. म्हणजे प्रत्येक उभी कड 7.4 मीटर. दोन कडा आणि वरचे 12 मिळून 26.8.

यावर तीन टक्के सैलपणाची सूट ठेवा. माळ ताणून बांधायची नसते. ताणलेल्या माळेत सगळा ओढा दिव्याच्या सांध्यावर येतो आणि वायर तिथेच आतून तुटते. शिवाय पीळ असलेली वायर क्लिपांमध्ये नागमोडी बसते आणि कोपऱ्यावर तिला थोडी गोलाई लागते. सूट धरून उभी कड 7.6, वरची 12.4 आणि एकूण 27.6 मीटर होतात. तीन माळांचे 29.7 मीटर उजळतात, म्हणजे कडांपुरत्या तीन माळा बरोबर आहेत. उरलेल्या 2.1 मीटरचं काय करायचं ते पुढे येतंच आहे.

खरी चूक होते ती लुपांत. बहुतेक जण 12 मीटर रुंदीला 12 मीटर किंवा अंदाजे दीडपट माळ धरतात. पहिल्या आकड्याला झोळ पडतच नाही. दुसऱ्याला लूप इतके खोल जातात की खिडक्या झाकल्या जातात. लुपाची लांबी दोनच गोष्टींवर ठरते: दोन हुकांमधलं अंतर आणि मधोमध पडणारा झोळ. अंतर w, झोळ s आणि माळेची लांबी L धरली तर:

```
L = w + (8 × s × s) / (3 × w)
```

12 मीटरचे 2 मीटरचे सहा भाग करा आणि झोळ अर्धा मीटर ठेवा. s × s म्हणजे 0.25, त्याची आठपट 2, खाली 3 × 2 म्हणजे 6. भागाकार 0.33. म्हणजे एका लुपाला 2.33 मीटर. हुकाला बांधताना माळेचा थोडा भाग खर्च होतो, त्याचे 5-7 सेंमी धरून 2.4 मीटर घ्या. सहा लुपांचे 14.4 मीटर.

सूत्रात झोळाचा वर्ग आहे, त्याकडे लक्ष द्या. झोळ दुप्पट केला की जादा लागणारी माळ चौपट होते. 2 मीटरच्या लुपाला 25 सेंमी झोळ दिला तर जास्तीची माळ फक्त 8 सेंमी आणि अर्धा मीटर दिला तर 33. दुसरी बाजू अशी की झोळ तेवढाच ठेवून लूप अरुंद केले तरी माळ झपाट्याने वाढते. 40 सेंमी झोळ ठेवून 12 मीटरमध्ये 3 मीटरचे चार लूप घेतले तर सगळे मिळून अर्धा मीटरच जादा लागतो. दीड मीटरचे आठ लूप घेतले तर सव्वादोन मीटर. म्हणून “लूप जरा जवळ जवळ घेऊ” असं शिडीवर चढल्यावर ठरवू नये. आणलेली माळ मध्येच संपते.

या सूत्राला मर्यादा आहे. झोळ अंतराच्या चौथ्या भागापर्यंत असेल तोवर ते उत्तम चालतं. 2 मीटरला अर्धा मीटर ही तीच हद्द. तिथे सूत्राचं उत्तर प्रत्यक्षापेक्षा तीन-चार सेंमीने जास्त येतं आणि ते आपल्या सोयीचंच आहे. त्याहून खोल लुपांना सूत्र बरीच जास्त माळ सांगू लागतं. झोळ अंतराच्या निम्मा असेल तर सूत्र 1.67 पट सांगतं, प्रत्यक्षात दीडपट पुरते. अशा खोल लुपांसाठी सूत्र सोडा आणि दोरी घ्या.

दोरीची ही पद्धत मला सूत्राहूनही जास्त भरवशाची वाटते. खालच्या मजल्यावर, हाताला येईल अशा जागी दोन खिळ्यांमध्ये हुकांइतकंच अंतर घ्या आणि मऊ, बारीक दोरी टांगा. हवा तेवढा झोळ पडेपर्यंत दोरी सोडा, दोन्ही खिळ्यांपाशी पेनाने खूण करा, काढून मोजा. माळ जड आणि दोरी हलकी आहे म्हणून फरक पडेल असं अनेकांना वाटतं. तो पडत नाही. लवचीक, न ताणणारी आणि सगळीकडे सारख्या वजनाची कुठलीही वस्तू दोन बिंदूंमध्ये एकाच आकारात लोंबते. झोळ लांबीवर ठरतो, वजनावर नाही. फरक पडतो तो वायरच्या ताठरपणाने. खोक्यातून नुकतीच काढलेली माळ घडीच्या जागी वाकलेली राहते आणि लूप वेडावाकडा दिसतो. आदल्या दिवशी ती उलगडून मोकळी पसरून ठेवा, वळ्या बऱ्याच सैल पडतात. दोरीचा दुसरा फायदा म्हणजे ती रस्त्यावरून पाहता येते. अर्धा मीटर झोळ कागदावर छान वाटतो, पण वरच्या खिडकीची चौकट कठड्यापासून 40 सेंमीवर सुरू होत असेल तर तो लूप काचेवर येईल.

आता कडांचे 27.6 आणि लुपांचे 14.4 मिळून 42 झाले. पण 42 ला 9.9 ने भागून थेट खरेदीला जाऊ नका. माळ मध्येच कापून दोन ठिकाणी वापरता येत नाही. एकामागे एक जोडलेल्या दिव्यांच्या माळेतून थोडे दिवे कापून टाकले तर उरलेल्यांवर जास्त व्होल्टेज येतं आणि तेही जातात. म्हणून माळ कोणत्या वाटेने जाणार हे आधी ठरवावं लागतं आणि माळा प्रत्येक वाटेसाठी वेगळ्या मोजाव्या लागतात.

तुमच्या घराचं रेखाचित्र काढा आणि पेन्सिल न उचलता, कुठलीही रेघ दोनदा न गिरवता ते पूर्ण होतं का पाहा. होणार नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यावर तीन वाटा मिळतात: उभी कड, आडवी कड आणि लुपांची रांग. उजव्या कोपऱ्यावरही तेच. शिवाय दोन्ही उभ्या कडांची खालची टोकं सुटी आहेत. ज्या बिंदूतून विषम संख्येने वाटा निघतात असे इथे चार बिंदू आहेत. अशा दर दोन बिंदूंमागे एक स्वतंत्र माळरांग लागते. म्हणून तुम्हाला दोन रांगा: एक खालून डावीकडून वर, आडवी आणि उजवीकडे खाली. दुसरी फक्त लुपांची. एकाच रांगेत सगळं बसवायचा हट्ट धरला तर वरची 12 मीटरची कड दोनदा झाकावी लागेल आणि तिथे दिवे दाट दिसतील. खिडक्यांच्या चौकटी उजळायच्या असतील तेव्हाही हेच तपासा. भिंतीत मधोमध असलेली खिडकी कुठल्याच कडेला जोडलेली नसते, तिथवर कोरी वायरच न्यावी लागते.

पहिल्या रांगेत तीन माळा आणि उरलेले 2.1 मीटर. हे शेवटी गुंडाळून ठेवू नका. तो उजळलेला गुंडा रस्त्यावरून लगेच दिसतो आणि साधे तापणारे बल्ब असतील तर तो धोक्याचाही आहे. त्याऐवजी दोन्ही उभ्या कडांच्या खालच्या टोकाला, जमिनीपासून अर्ध्या मीटरवर, माळ एकेक मीटर आतल्या बाजूला वळवा. चौकटीला पाय फुटल्यासारखं दिसतं आणि दोन्ही बाजू सारख्या राहतात. यात आणखी एक गोष्ट साधते. आतल्या टोकापासून सुरुवात केली की पहिली माळ डावा कोपरा ओलांडून वरच्या कडेवर साधारण सव्वा मीटर जाते आणि संपते. दुसरी तिथून निघून उजव्या कोपऱ्याच्या सव्वा मीटर अलीकडे संपते. दोन्ही जोड कोपऱ्यांपासून सारख्याच अंतरावर येतात. जोडाजवळची कोरी वायर कठड्यामागे टाका आणि एका माळेचा शेवटचा दिवा व दुसरीचा पहिला दिवा 10 सेंमीवर शेजारी बांधा. मग मध्ये काळा तुकडा राहत नाही.

दुसऱ्या रांगेला 14.4 मीटर हवेत. एक माळ 9.9 ची, 12 मीटरला नुसती सरळसुद्धा पुरत नाही. दोन घेतल्या तर 19.8, म्हणजे जवळपास साडेपाच मीटर उरतात. त्यावर दोन मार्ग मला योग्य वाटतात.

पहिला, त्याच दिव्यांची 50 दिव्यांची 5 मीटरची माळ मिळाली तर एक मोठी आणि एक छोटी घ्या. इथे मीटरऐवजी दिवे मोजा, काम फार सोपं होतं. 2.4 मीटरचा लूप म्हणजे 24 गाळे. मोठ्या माळेत 99 गाळे आहेत, त्यातून 24 चे चार लूप निघतात आणि तीन गाळे हुकापाशी दुमडून जातात. छोटीत 49 गाळे आहेत, त्यात दोन लूप बसतात आणि एक गाळा उरतो. दोन माळांचा जोड नेमका पाचव्या हुकावर येतो. तिथे तो कठड्यामागे लपवता येतो, लुपाच्या पोटात लोंबत नाही.

दुसरा मार्ग, छोटी माळ मिळत नसेल तर दोन मोठ्याच घ्या आणि लुपांचा आकार बदला. 2 मीटरचे सहा लूप ठेवून 19.8 मीटर संपवायला गेलात तर झोळ मीटरभराहून जास्त जाईल आणि खिडक्या झाकल्या जातील. पण 1 मीटरचे बारा लूप घेतले तर प्रत्येकाला 16 गाळे, म्हणजे 1.6 मीटर मिळतात. बांधणीचे 5 सेंमी वजा करून 1.55. झोळ पडतो अर्ध्या मीटरहून जेमतेम थोडा जास्त. हे लूप अरुंद आणि खोल असल्याने आकडा वरच्या सूत्रातून उलटा काढू नका. ते 45 सेंमी सांगेल आणि प्रत्यक्षात 54 च्या आसपास येईल. इथे दोरीच लावून बघा. प्रत्येक माळेत सहा लूप होतात आणि जोड बरोबर मधल्या हुकावर येतो. दिसायला हे दाट आणि भरगच्च असतं. माझी पसंती मात्र रुंद लुपांना आहे, दूरवरून कमानींची रांग मोकळी आणि स्पष्ट दिसते. म्हणजे खरेदी कुठल्याही मार्गाने पाचच माळांची: पहिल्या मार्गाने चार मोठ्या आणि एक छोटी, दुसऱ्याने पाच मोठ्या.

लूप लावताना माळ हुकावर नुसती अडकवू नका, प्रत्येक हुकाला केबल टायने बांधा. हुकावर घसरू शकणारी माळ वाऱ्याने हळूहळू सरकते. खोल लुपाचं वजन शेजारच्या लुपातली माळ आपल्याकडे ओढतं, आणि दोन दिवसांनी एक लूप खिडकीपर्यंत आलेला आणि बाकीचे सपाट झालेले दिसतात. असं दिसलं तर माळ कमी पडली असं समजून नवी आणू नका, गाठी सुटल्या आहेत का ते आधी बघा. टाय वायरला अडकवायचा, दिव्याच्या मानेला नाही, आणि वायर चेपेल इतका आवळायचा नाही. खाली जमिनीवर माळ पसरून प्रत्येक 24 व्या गाळ्यावर रंगीत चिकटपट्टीची खूण करून ठेवली तर वर मोजत बसावं लागत नाही. शिडीवर एक हात कायम मोकळा हवा.

खरेदीआधी पिनेकडेही बघा. एकापुढे एक किती माळा जोडता येतात ते वेष्टनावर किंवा पिनेजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. तुमच्या पहिल्या रांगेत तीन आहेत. मर्यादा दोनचीच असेल तर तिसरीला वेगळी वीज द्यावी लागेल. अडॅप्टरवर चालणाऱ्या कमी व्होल्टेजच्या माळा बहुधा एकमेकींना जोडताच येत नाहीत. तिथे प्रत्येक माळेच्या सुरुवातीला वायर पोचवावी लागते आणि ती कोरी वायर वेगळी मोजावी लागते. तुमच्या दोन रांगांपैकी पहिली जमिनीजवळ सुरू होते आणि दुसरी गच्चीवर, म्हणून एक सॉकेट खाली आणि एक वर सोयीचं पडेल. वर सॉकेट नसेल तर खालून कठड्यापर्यंतची कोरी वायरही छज्जाला वळसा घालूनच जाईल, तिचेही 90 सेंमी जादा धरा.

माळा, जोड आणि एक्स्टेंशन बाहेर वापरण्याजोगे घ्या. पाणी-धूळ रोखण्याची श्रेणी किमान IP44, आणि पाऊस थेट लागत असेल तर IP65. जोड पाणी साचेल अशा कठड्याच्या खाचेत ठेवू नका. जोडाच्या अलीकडे वायरला खाली छोटा वळसा द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी जोडात न जाता वळशाच्या तळाशी ठिबकून पडेल. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच त्या सर्किटवर असायलाच हवा. घरात येणाऱ्या विजेच्या मुख्य वायरीला आधार म्हणून माळ कधीही बांधू नका.

उंचीचा आकडा अंदाजाचा असेल तर आधी तोही पक्का करा. गच्चीवरून दोरीला छोटं वजन बांधून कठड्याच्या कडेवरून जमिनीपर्यंत सोडा आणि दोरी मोजा. छज्जा आडवा येत असेल तर कठड्यापासून छज्जापर्यंत आणि छज्जापासून जमिनीपर्यंत असं दोन टप्प्यांत मोजा, छज्जाची जाडी वेगळी मिळवा. नकाशातली उंची बऱ्याचदा स्लॅबपर्यंतचीच असते, कठडा त्यात धरलेला नसतो. कठडा एक मीटरचा असेल आणि दोन्ही बाजूंना तो निसटला असेल तर पहिल्या रांगेत वर उरलेले 2.1 मीटर तिथेच संपतात. मग खालचे पाय वळवू नका, माळ सरळ खाली उतरवून अर्ध्या मीटरवर थांबवा.